रेघ जुळली तरी

त्या आजी स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आल्या होत्या, आणि पुढे सगळा दिवस घरचे लोक मला हेच ऐकवत राहिले.

मी तेव्हा मुखेडला सरकारी दवाखान्यात होते. बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी ओपीडीत उभं राहायला जागा नसते, कारण आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजारही करतात आणि दुखणंही दाखवून घेतात. त्या गर्दीतून एक सत्तरी ओलांडलेली बाई सुनेच्या खांद्यावर हात टाकून येताना दिसली. डावा पाय टेकवताना तोंड वाकडं व्हायचं, पण टेकवत होती. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, कपाळावर भस्माची पुसट बोटं, आणि पदर कमरेला खोचलेला, जणू घरातलं काम अर्धं टाकून आली होती. मागून मुलगा आला. त्याचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. हातातला मोबाईल सारखा वाजत होता.

"मुरगळलंय, मॅडम," मुलगा म्हणाला. "एक सुई मारा अन् गोळ्या द्या. बाजार हाय, दुकानात कुणीच न्हाई."

"कशा पडलात, आजी?"

"पडले कुठं? घसरले," आजी म्हणाल्या. "यांना आंघोळ घालून राहिले होते. शहाबादी फरशी ओली होती. बुडावर बसले झालं."

'यांना' म्हणजे त्यांच्या नवऱ्याला. ते आप्पा गेली काही वर्षं विसरभोळे होत होत आता अशा अवस्थेला आले होते, की घरातली माणसंही त्यांना धड ओळखू यायची नाहीत. सुनेने हलक्या आवाजात एवढं सांगितलं, की ते फक्त आजींच्या हातून जेवतात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला, तर तोंड घट्ट मिटून घेतात किंवा ताट उडवतात. सकाळी घसरल्यावर आजींनी भिंत धरून धरून स्वयंपाकघर गाठलं होतं, आप्पांना खाऊ घातलं होतं, आणि मग रिक्षात बसल्या होत्या.

"संध्याकाळी पुन्हा जेवू घालायचंय त्यांना," आजी म्हणाल्या. "लवकर करा, डॉक्टरबाई."

मी त्यांना टेबलावर झोपवलं. दोन्ही टाचा जवळ आणून पाहिल्या. पाय आखूड झाला नव्हता आणि बाहेरही वळला नव्हता. खुब्याच्या बाजूला सूज नाही, काळंनिळं नाही. कुठं दुखतं म्हटल्यावर त्यांनी बोट बाहेर न ठेवता जांघेत ठेवलं. मी घोट्याला धरून पाय हलकेच आत-बाहेर फिरवला आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली. आवाज काढला नाही, पण बोटांची पेरं पांढरी पडली.

मला ते आवडलं नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीचं हाड वर जाऊन आत वळतं, त्या वळणाला मान म्हणतात, आणि मानेच्या टोकाला गोळा असतो. तो कमरेच्या वाटीत फिरतो. म्हातारपणी हाड ठिसूळ झालं, की उभ्याउभ्या पडण्यानेसुद्धा ही मान मोडते. बहुतेक वेळा मोडलेलं हाड सरकतं, पाय आखूड होऊन बाहेर पडतो, आणि माणूस उभंच राहू शकत नाही. ते निदान घरातली माणसंही करतात. पण कधीकधी मान मोडून वरचा गोळा खालच्या हाडात रुतून बसतो. मोडलेलंच मोडलेल्याला धरून ठेवतं, आणि माणूस लंगडत का होईना चालतो. असा माणूस चारदोन दिवस चालला, किंवा एकदाच वेडावाकडा उठला, तर रुतलेलं सुटू शकतं. मग गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नसांचंही काही खरं नसतं.

मी फोटो काढायला सांगितलं.

"चालत आलीय की ती!" मुलगा म्हणाला.

"म्हणूनच काढायचाय," मी म्हणाले, आणि आजींना चाकाच्या स्ट्रेचरवर घेतलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही.

आमच्याकडे एक्स-रेला पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे टेक्निशियन होते. दोन्ही खुबे एकाच फोटोत घ्या, असं मी सांगितलं. दुखऱ्या बाजूकडे बघताना शेजारी चांगली बाजू हवी, नाहीतर डोळा कशाशी ताडून बघणार? थोड्या वेळात फोटो पडद्यावर आला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

लातूरला शिकत असताना आमचे एक सर होते. खुब्याचा फोटो आला, की ते आम्हाला मोडलेलं शोधू द्यायचेच नाहीत. "आधी रेघा काढा," म्हणायचे. "मोड शोधायला गेलात, की हवी तिथं दिसते आणि नको तिथं दिसत नाही." पहिली रेघ ते पेनाच्या मागच्या टोकाने काढायचे. कमरेच्या पुढच्या हाडाला जे गोल भोक दिसतं, त्याच्या वरच्या कडेने निघायचं आणि तसंच पुढे मांडीच्या हाडाच्या मानेच्या आतल्या कडेवर उतरायचं. चांगल्या खुब्यात ही एक सलग कमान होते, कुठे पायरी नाही, खाच नाही. पुस्तकात तिला शेंटनची रेघ म्हणतात. मान सरकली, की कमान तुटते.

मी पडद्यावर बोट ठेवून उजव्या बाजूची कमान काढली. सुरेख होती. मग डावीकडे आले, आणि मानेपाशी बोट अडखळलं. तिथे पायरी होती.

पण लगेच दुसरी गोष्ट नजरेत आली. डाव्या मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा फोटोत मोठाच्या मोठा दिसत होता, आणि मान तोकडी दिसत होती. म्हणजे दुखण्यामुळे आजींनी पाय बाहेर टाकलेला असताना फोटो निघाला होता. बाहेर वळलेल्या पायाची मान फोटोत आखडते, आणि धड हाडाचीसुद्धा रेघ तुटलेली भासते. या फोटोवरून मोडलंय म्हणणं जितकं चूक, तितकंच मोडलेलं नाही म्हणणंही चूक.

"पुन्हा घेऊ या," मी टेक्निशियनला म्हणाले. "दोन्ही अंगठे एकमेकांकडे वळवून. पण जबरदस्ती नको. जेवढा येईल तेवढाच."

मी स्वतः आत गेले. आजींचा पाय दोन्ही हातांत धरून अगदी सावकाश आत वळवला. त्या छताकडे बघत "ॐ नमः शिवाय" पुटपुटत होत्या. वाळूच्या पिशव्या दोन्ही बाजूंना लावल्या, मी बाहेर आले, आणि फोटो निघाला.

या वेळी मान पूर्ण लांबीची दिसली. मी रेघ काढली. भोकाच्या वरच्या कडेवरून मानेच्या आतल्या कडेवर बोट विनासायास उतरलं. पुन्हा काढली. कमान सलग होती.

मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. मी काय करते हे त्याने पहिल्या वेळी बरोबर ओळखलं होतं. "जुळली की, मॅडम!" तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद खरा होता. "चला आई, काही न्हाई झालं."

मला तेच म्हणायचं होतं. बाहेर गर्दी वाढत होती, कुणीतरी दार वाजवत होतं, आणि फोटोतली सगळ्यात प्रसिद्ध रेघ जुळलेली होती. पण ती पेरं पांढरी झालेली मी पाहिली होती. शिवाय सरांचा दुसरा नियम मला आठवत होता: पाय नीट आत वळवलेल्या फोटोत पहिली रेघ तुटली तर मोडलंय हे नक्की समजा, पण जुळली म्हणून फोटो बंद करू नका. रुतलेल्या मोडीत ती कमान शाबूत राहू शकते.

मी फोटो मोठा केला आणि मानेची वरची कड धरली. उजवीकडे ही कड गोळ्यावरून खाली येताना आधी फुगते आणि मग आत वळते, सावकाश, लाटेसारखी. डावीकडे लाट मध्येच दुमडली होती. गोळा मानेवर बाहेरच्या अंगाला किंचित कलून बसल्यासारखा दिसत होता, डोक्यावरची टोपी सरकावी तसा. मग मी हाडाच्या आतल्या बारीक रेषांकडे वळले. हाड आतून भरीव नसतं. वजन जसं वाहतं, त्या दिशेने त्यात बारीक तंतू रचलेले असतात. मानेच्या आतल्या कडेवरून निघून ते गोळ्यात वर चढतात, आणि त्यांची दिशा तशीच वाटीच्या हाडात पुढे जाते. उजवीकडे ती ओळ वाटीत शिरताना दिसत होती. डावीकडे गोळ्यातले तंतू ताठ उभे झाले होते. खालच्या हाडाशी त्यांचा कोन उघडला होता, आणि वाटीतल्या तंतूंशी ते जुळत नव्हते. गोळा आणि मान यांच्यामध्ये एक धूसर पांढरा पट्टा आडवा गेला होता, जिथे हाडावर हाड दाबलं गेलं असावं.

असावं. माझी खात्री एवढीच होती.

"आजींना स्ट्रेचरवरून उतरू देऊ नका," मी सुनेला सांगितलं. "लघवीला लागली तरी नाही. मला सांगा."

"पण रेघ जुळली म्हणले ना..." मुलगा म्हणाला.

"मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात."

त्याला राग आला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी त्याला पडद्यावर पांढरा पट्टा दाखवला. त्याला तो दिसेना. खरं सांगायचं, तर डोकं मागे घेऊन पाहिल्यावर मलाही तो आहे की मी कल्पनेने बघतेय हे कळेना. तेवढ्यावर मी एका म्हातारीला तिच्या नवऱ्यापासून उचलून नांदेडला पाठवायला निघाले होते.

बाजूचा फोटो घेतला. चांगला पाय वर उचलून धरायचा, आणि दुखऱ्या मांडीला मुळीच न हलवता आडव्या किरणांनी खुबा टिपायचा. त्यात गोळा जरा मागे झुकलेला दिसला. मी तिन्ही फोटो नांदेडच्या एका हाडाच्या सर्जनना पाठवले. ते माझ्या ओळखीचे होते, वयाने मोठे, आणि फोनवर कधी घाई न करणारे.

"शेंटन शाबूत दिसतेय," ते म्हणाले.

"हो सर. पण वरची कड बघा. आणि तंतू."

त्यांनी फोटो पुन्हा उघडले. मी पलीकडे पंख्याचा आवाज ऐकत होते.

"गोळा बाहेर कललाय," शेवटी ते म्हणाले. "बाजूच्या फोटोत मागंही थोडा झुकलाय. मलाही मोडच वाटतेय, रुतलेली. इथं आल्यावर शंका राहिलीच तर सीटी करू. आज रुतलेलं आहे तोवर स्क्रूवर भागेल. सरकलं तर गोळाच बदलावा लागेल, आणि ते ऑपरेशन त्या वयाला वेगळं. पाय जमिनीला लागू देऊ नको."

मी बाहेर येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आजींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "मोडलं असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी नांदेडला जात न्हाई. यांना जेवू कोण घालंल?"

"सूनबाई आहेत."

"तिच्या हातचं खात न्हाईत ते. मी पडून राहिले तर ते उपाशी राहतील. अन् मग मी हाड घेऊन काय करू?"

हाड न जोडता पडून राहिलं तर काय होतं हे मी सांगू शकत होते, अंथरुणाच्या जखमा, छातीतला कफ, पायातल्या गुठळ्या. सांगितलंही. त्यांनी मान हलवली, पण निर्णय बदलला नाही. मुलगा म्हणाला की लातूरला बहीण असते, तिला फोन करतो. सून म्हणाली, "आत्या, मी प्रयत्न करते." आजी म्हणाल्या, "तू करशील गं, पण ते करू देतील का?"

हे बोलणं चाललेलं असतानाच ती गोष्ट घडली.

घरी आप्पांजवळ शेजारच्या एक बाई बसल्या होत्या. आजी दुपारपर्यंत परतल्या नाहीत तेव्हा आप्पा बिथरले, घरभर शोधत फिरायला लागले. त्या बिचाऱ्या बाई घाबरल्या आणि त्यांना रिक्षात घालून सरळ दवाखान्यात घेऊन आल्या. मला हे नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की व्हरांड्याच्या टोकाला धोतर आणि स्वेटर घातलेला एक उंच म्हातारा उभा आहे, आजूबाजूच्या गर्दीने बावरलेला, आणि तो वळून फाटकाकडे, बाजाराच्या रस्त्याकडे चालायला लागलाय. शेजारीण रिक्षावाल्याशी बोलत होती. तिचं लक्ष नव्हतं.

आजींनी त्यांना माझ्याआधी पाहिलं.

"अवं! तिकडं कुठं!" त्या ओरडल्या, आणि उठल्या. खरोखर उठल्या. एका क्षणात दोन्ही पाय स्ट्रेचरच्या बाहेर आले. मी धावले. सुनेने त्यांना कमरेला मिठी मारली. डावा पाय जमिनीला टेकला की टेकायच्या आधीच आम्ही त्यांना उचललं, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मी त्यांचा पाय गुडघ्याखालून धरलेला होता, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आख्ख्या व्हरांड्याने ऐकला.

मुलगा फाटकाकडे पळाला आणि त्याने आप्पांना रस्त्याच्या कडेला गाठलं.

आम्ही आजींना सपाट झोपवलं. त्यांना घाम फुटला होता. मी ओठ मिटून टाचांकडे गेले. सकाळी ज्या टाचा एका ओळीत होत्या, त्या आता आहेत का? आहेत असं वाटलं. डावा अंगठा छताकडे होता की थोडा बाहेर? थोडा बाहेर. सकाळीही होता तेवढाच? मला आठवेना. मीच पाहिलं होतं, मीच विसरले होते.

"पुन्हा फोटो," मी म्हणाले.

या वेळी पाय आत वळवायचा प्रश्नच नव्हता. जसा होता तसाच पिशव्यांच्या आधाराने धरला. टेक्निशियनने काही न विचारता पाटी सरकवली. बाहेर पडद्यासमोर मी एकटी नव्हते. मुलगा होता, त्याने आप्पांचं मनगट घट्ट धरलेलं होतं. सून दाराला टेकून उभी होती. फोटो यायला नेहमी लागतो तेवढाच वेळ लागला असणार.

फोटो आला. मी बोट ठेवलं. भोकाची वरची कड, पुढे, पुढे, आता मान. पाय थोडा बाहेर असल्याने मान जरा आखडलेली होती, आणि बोट मानेवर उतरताना क्षणभर मला पुन्हा पायरी वाटली. मी हात मागे घेतला. दुसरा फोटो आणि हा, दोन्ही शेजारी लावले. डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा पहिल्यापासून निघाले. कमान सलग होती. मग वरची कड: दुमड होती, पण तेवढीच. तंतू: तसेच ताठ, पहिल्यासारखेच. गोळा वर उसळलेला नव्हता की खाली सुटलेला नव्हता. मोड जिथे होती तिथेच रुतून बसलेली होती.

"जुळली का?" मुलाने विचारलं. मघाशी जुळली म्हणून तो सुटल्यासारखा हसला होता. आता तो हसत नव्हता.

"सरकलेलं नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

त्याने आप्पांकडे पाहिलं, मग आत पडलेल्या आईकडे. नंतर त्याने एकशे आठ नंबर फिरवला, मला न विचारता.

आजींचं मन वळवलं ते मी नव्हे. आप्पांना स्ट्रेचरजवळ आणल्यावर त्यांनी आजींच्या बांगड्यांना हात लावला आणि ते शांत झाले. सुनेने बाहेरून कुठूनतरी वरण-भात आणला होता. आजींनी झोपल्या झोपल्याच तिला सांगायला सुरुवात केली. "समोर बसू नको. बाजूला बस. समोर कुणी बसलं की ते भितात. चमचा न्हाई, हातानं. घास लहान कर. अन् मागं लागू नको, एक घास दिला की गप बस." सून तशी बाजूला बसली. आप्पांनी पहिला घास घेतला नाही. आजींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग घेतला. चावताना ते सुनेकडे बघत होते, ओळख नसलेल्या पण बरं वागणाऱ्या माणसाकडे बघावं तसे.

"खाल्लं गं," आजी म्हणाल्या. एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांनाबी गाडीत घेता का?"

अॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना मी सगळं समजावलं. ते आधी नाही म्हणाले, मग आजींचा आणि आप्पांचा एकमेकांत गुंतलेला हात पाहून त्यांनी मागचं दार उघडलं. सुनेला आणि आप्पांना मागच्या बाकावर जागा दिली. मुलगा दुकान तसंच शेजाऱ्यावर टाकून मोटारसायकलने मागून निघाला. आजींच्या पायाखाली उशी, दोन्ही बाजूंना पिशव्या, वर पट्टा. मी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं, की खड्डा दिसला की थांबून सावकाश काढा, झटक्यात चुकवू नका.

तो रस्ता मला माहीत होता. गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी परत ओपीडीत बसले, आणि पुढचे किती पेशंट मी नीट पाहिले हे देव जाणे. प्रत्येक खड्डा माझ्याच कमरेत बसत होता. रुतलेलं हाड किती धरून राहील याचं कुठे काही लिहिलेलं नसतं. आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात अजूनही ती दुसरी भीती होती: नांदेडला सीटीत काहीच निघालं नाही तर? एका विसरभोळ्या म्हाताऱ्याला मी उगीचच घरातून हलवलं असेल तर?

दिवेलागणीला सर्जनचा फोन आला. "पोचली. इथं फोटो घेतला, जागा तीच आहे. सीटीपण केला. मोड आहे, आरपार. तुझा पट्टा खरा निघाला." मी खुर्चीत मागे टेकले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, कारण एका बाईचं हाड मोडलंय हे खरं ठरल्याचा आनंद कसा होणार? पण पुढच्या पेशंटला मी नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रुतलेल्या जागेला मुळीच न छेडता, बाहेरून तीन स्क्रू मानेतून गोळ्यात घातले. ऑपरेशनआधी गळ्यातलं सगळं काढायला सांगतात, आणि आजी लिंग अंगावेगळं करायला तयार होईनात. शेवटी तिथल्या सिस्टरने ती डबी स्वच्छ करून गॉजमध्ये गुंडाळली आणि त्यांच्या उजव्या दंडाला बांधली. हे मला सुनेने सांगितलं. तिने आणखीही सांगितलं: आप्पा पहिल्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी दोन घास जेवले. लातूरहून आलेल्या मुलीच्या हातून तर ते एकदाही जेवले नाहीत, आणि त्यावरून ती मुलगी वॉर्डाच्या जिन्यात बसून रडली. सून बाजूला बसली, की मात्र तिच्या हातून ते उजेडाकडे पाठ करून हळूहळू खायला लागले. अंगावरचं मांस बरंच गेलं. पण ते जगले.

आजी वॉकर घेऊन माझ्याकडे तपासायला यायला लागल्या. नांदेडला जायचं तेव्हा जायच्या, पण मधल्या वेळी मुखेडलाच फोटो काढायच्या. मी प्रत्येक वेळी त्याच रेघा काढायची. अशा मोडीत गोळ्याचं रक्त नंतर कमी पडून तो काही महिन्यांनी, वर्षांनीही खचू शकतो, म्हणून गोळ्याची गोलाई बघायची, स्क्रू मागे सरकलेत का बघायचं. आजी पडद्याकडे कधी बघायच्या नाहीत. "तुम्ही बघा अन् सांगा," म्हणायच्या.

माझी बदली व्हायच्या आधीच्या आठवड्यात त्या शेवटच्या आल्या. वॉकर गेला होता, हातात काठी होती आणि तिचा राग होता. फोटो चांगला होता. गोळा गोल, कमान सलग, स्क्रू जागेवर. मी तसं सांगितलं.

"आंघोळ आता हीच घालते त्यांना," आजी सुनेकडे हात करून म्हणाल्या. "मला न्हाणीत पाय ठेवू देत न्हाई. लई दांडगाई करते."

सून हसली.

"अन् माझं झालं असंल तर हिला बघा, डॉक्टरबाई," आजी उठत, सुनेला माझ्या समोरच्या स्टुलाकडे ढकलत म्हणाल्या. "त्यांना उचलून उचलून हिची कंबर धरून राहिली हाय. सांगत न्हाई कुणाला. बस गं. बस म्हणते ना."